ड्रॅगनच्या तोंडातली गोळी नेमकी कशाने सुटली असेल?

प्रश्न: प्राचीन चीनमधल्या, भूकंप ओळखणाऱ्या त्या ड्रॅगन आणि बेडकांच्या भांड्याबद्दल वाचलं. शेकडो किलोमीटरवरचा भूकंप त्याने ओळखला म्हणे, आणि शहरात कुणालाच काही जाणवलं नव्हतं. आत एक खांब उभा असायचा, तो ज्या बाजूला पडेल तिकडची गोळी पडायची, असं सगळीकडे लिहिलंय. हे खरंच शक्य आहे का? आणि तसं असेल तर रस्त्यावरून बैलगाडी गेली तरी गोळी पडायला हवी ना?

उत्तर:

तुमच्या बैलगाडीनेच मला उत्तर लिहायला बसवलं. नाजूक यंत्र बनवणं फार अवघड नसतं. बैलगाडीला दाद न देणारं आणि दूरच्या भूकंपाला मात्र दाद देणारं यंत्र बनवणं अवघड असतं. कोयना परिसरातल्या भूकंप केंद्रांवर माझी बरीच वर्षं गेली. काजळी धरलेल्या कागदावर सुई रेघ ओढायची त्या काळापासून ते संगणकावर नोंदी येऊ लागल्या तोपर्यंत. त्या सगळ्या काळात रोजचं भांडण हेच होतं: ही थरथर जमिनीची की गुरं हाकणाऱ्याची?

आधी मूळ मजकुरात काय आहे ते सांगतो, कारण इंटरनेटवर त्याला बरीच पदरची भर पडलेली आहे. चांग हेंग हा हान राजवटीतला खगोलज्ञ. त्याने इ.स. 132 मध्ये लोयांग या राजधानीत हे यंत्र केलं. त्याचं वर्णन हान घराण्याच्या उत्तरकाळाच्या इतिहासात येतं. तो इतिहास फान येने पाचव्या शतकात लिहिला, म्हणजे यंत्रानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. वर्णन दोनशेच्या आसपास चिनी अक्षरांत आटोपतं. कांस्याचं, मद्याच्या कुंभासारखं भांडं, व्यास आठ छी, म्हणजे आपल्या मापाने साधारण 1.85 मीटर. बाहेर आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या तोंडात कांस्याची गोळी, खाली आ वासून बसलेले आठ बेडूक. आत मधोमध एक मुख्य स्तंभ, त्याच्या बाजूंना आठ वाटा, आणि खटका. बस्स, आतल्या भागाबद्दल एवढंच. स्तंभ उभा होता की टांगलेला, हे लिहिलेलंच नाही. तुम्ही चित्रांत जी आतली रचना पाहता ती विसाव्या शतकातली कल्पना आहे. चीनमध्ये वांग चेनतुओ यांनी 1951 मध्ये केलेली उभ्या स्तंभाची प्रतिकृती इतकी पसरली की लोक तिलाच मूळ यंत्र समजतात.

आता तो पडणारा खांब. हिशोब करून पाहू, म्हणजे वाद राहणार नाही. ज्या भूकंपाची गोष्ट सांगतात तो लोंगशी भागातला, आजच्या कान्सू प्रांतातला. तो इ.स. 138 चा असावा असं बहुतेक अभ्यासक धरतात. लोयांगपासून अंतर ढोबळमानाने 700 किलोमीटर धरा. भूकंपाची तीव्रता 7 धरू. त्या काळी मोजणारं कुणी नव्हतं, त्यामुळे हे गृहीतच, पण अवास्तव नाही. पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लहरींचं आमचं जे नेहमीचं सूत्र आहे त्यात हे आकडे टाकले, तर लोयांगची जमीन साधारण 2 मिलिमीटर पुढेमागे सरकली असेल, एकेक झोका दहा सेकंदांचा. दोन मिलिमीटर म्हणजे डोळ्याला दिसेल इतकं. पण दहा सेकंदांत इतक्या संथपणे की कुणाच्या हातातल्या पेल्यातलं पाणीही हिंदकळणार नाही. या हालचालीचा त्वरण म्हणून जो धक्का बसतो तो गुरुत्वाच्या सुमारे 12 हजाराव्या भागाइतका. माणसाला जाणवायला याच्या दसपट तरी लागतो. म्हणजे शहरात कुणाला काही कळलं नाही, हा भाग अगदी पटण्यासारखा आहे.

आपल्याकडे याचं उदाहरण 26 जानेवारी 2001 चं आहे. भूजचा भूकंप सकाळी पावणेनऊच्या सुमारास झाला, तेव्हा मुंबईत उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवरच्या लोकांना डोलल्यासारखं झालं, आणि खाली रस्त्यावर असलेल्या अनेकांना पत्ताही लागला नाही. जमीन एकच होती, पण इमारतीने तिच्या संथ झोक्यातला आपल्याला मानवणारा झोका उचलला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एवढ्या धक्क्याने खांब पाडायचा तर तो केवढा नाजूक हवा? सरळ उभा खांब आडव्या धक्क्याने पडायला त्याची रुंदी भागिले उंची हे प्रमाण त्या धक्क्याइतकं लागतं. खांब मीटरभर उंच असेल, तर त्याचा तळ मीटरच्या 12 हजाराव्या भागाइतका रुंद, म्हणजे 0.08 मिलिमीटर. केसाची जाडी. केसाएवढ्या तळावर मीटरभर उंचीचा कांस्याचा खांब उभा करून दाखवणारा कारागीर मी तरी पाहिलेला नाही, आणि केलाच तरी सकाळी झाडलोट करणाऱ्याच्या पावलाने तो आडवा होईल. तुमची शंका इथे अगदी रास्त आहे. उभा खांब असेल तर एकतर त्याला दूरचा भूकंप कळणार नाही, नाहीतर बैलगाडी कळेल.

म्हणून मी टांगलेल्या स्तंभाच्या बाजूचा आहे. हे काही माझं नवं मत नाही. जपानमध्ये भूकंपशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी जॉन मिल्नने 1883 मध्येच लंबकाची कल्पना मांडली होती. चिनी भूकंपशास्त्रज्ञ फंग रुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये चंगचौ इथे जी प्रतिकृती पुढे आणली तीही टांगत्या स्तंभाची. पण मला ते पटतं ते कुणी सांगितलं म्हणून नाही. गवंड्याचा ओळंबा हातात धरून तुम्हीही ते पाच मिनिटांत पाहू शकता.

दीडेक मीटर सुतळीला ओळंबा बांधा, नसला तर वजनाचा दगड चालेल, आणि स्टुलावर उभं राहून सुतळीचं टोक हातात धरा. आधी हात अगदी सावकाश, दहा सेकंदांत एक फेरी, पुढेमागे न्या. ओळंबा हाताबरोबर निमूट येतो. हात आणि ओळंबा यांच्यात जवळजवळ फरकच पडत नाही. आता हात झपझप थरथरवा, सेकंदाला आठ-दहा वेळा. ओळंबा जागचा हलत नाही, सुतळीच फक्त वरच्या टोकाला थरथरते. आणि आता त्याच्या स्वतःच्या लयीत, म्हणजे साधारण अडीच सेकंदांना एक झोका, हात बोटभरच हलवा. चार-पाच झोक्यांत ओळंबा हातभर झुलायला लागतो. दीड मीटरच्या लंबकाचा स्वतःचा झोका अडीच सेकंदांचा असतो, आणि त्या लयीतल्या हालचाली तो साठवून ठेवतो.

तुमच्या बैलगाडीचं उत्तर त्या दुसऱ्या हालचालीत आहे. चाकांची, पावलांची, दार आपटल्याची थरथर जलद असते, सेकंदाला अनेकदा, आणि तिचा आवाका मायक्रोमीटरमध्ये असतो. जड लंबक तिच्यात जागचा हलत नाही. भांडं त्याच्याभोवती थोडं थरथरतं, फार तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने. खटका जर अर्धा मिलिमीटर सरकल्यावर सुटणारा असेल तर बैलगाड्यांची रांग गेली तरी गोळी हलायची नाही. उभ्या खांबात आणि टांगत्या स्तंभात फरक पडतो तो इथेच. खांबाला धक्का किती जोराचा आहे एवढंच कळतं. लंबकाला धक्क्याची लय कळते.

पण दूरच्या भूकंपाने तो अर्धा मिलिमीटर सरकेल का? फक्त दहा सेकंदांच्या संथ लहरी धरल्या तर नाही. वरचे आकडे घेतले तर भांड्याच्या तुलनेत स्तंभ जेमतेम 0.13 मिलिमीटर सरकतो, कारण संथ हालचालीत तो भांड्याबरोबर चालतो. इथे बरेच लेख हात झटकतात. पण 700 किलोमीटरवर पोचलेल्या लहरींत फक्त दहा सेकंदांचा झोका नसतो. कवचात अडकून येणाऱ्या आडव्या लहरींची लांब माळ असते, आणि तिच्यात दोन-तीन सेकंदांचे झोकेही असतात. समजा त्यांचा आवाका फक्त 0.1 मिलिमीटर आहे. तीही हालचाल माणसाला जाणवणार नाही. पण अडीच सेकंदांच्या लयीचे असे पाच झोके ओळीने आले, तर कशानेही न अडवलेला लंबक दीड मिलिमीटरपर्यंत झुलायला लागतो. भूजच्या वेळी मुंबईतली इमारत डोलली तीही अशीच. म्हणून मला वाटतं की खटका पहिल्या हिसक्याने सुटला नसावा. काही सेकंद साठवलेल्या झोक्याने सुटला असावा.

आता खटका. स्तंभ जड का हवा, ते इथे कळतं. शंभर किलोचा स्तंभ दीड मीटरवर टांगलेला आहे आणि तो फक्त 0.13 मिलिमीटर बाजूला गेला आहे असं धरा. परत मध्यावर यायला तो किती जोर लावतो? जवळपास नऊ ग्रॅम वजनाइतका, दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा जास्त. दीड मिलिमीटर गेला तर शंभर ग्रॅम. थेट ड्रॅगनचा जबडा उघडायला हे कमीच आहे, पण उथळ वाटीत ठेवलेली लहान गोळी ढकलायला भरपूर. फंग रुई यांच्या रचनेत असंच आहे: स्तंभाच्या टोकाखाली बारीक आधारावर एक छोटी गोळी, स्तंभ तिला ढकलतो, ती आठांपैकी एका वाटेने घरंगळते आणि तिच्या वजनाने त्या दिशेचा खटका सुटतो. ताकद लागते ती गोळीच्या पडण्याची, भूकंपाची नव्हे. बंदुकीचा घोडा ओढायला बोट लागतं, गोळी उडवायला दारू, तसं.

या छोट्या गोळीचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मूळ मजकूर स्पष्ट म्हणतो की एक ड्रॅगन गोळी टाकतो आणि उरलेले सात हलत नाहीत. लंबकाने थेट खटके दाबायचे असते तर हे जमलंच नसतं. तो पश्चिमेला गेला की सव्वा सेकंदाने पूर्वेला येणारच, आणि तिकडचीही गोळी पाडणार. मग कधी दोन पडल्या असत्या, कधी चार. पण एकच गोळी एकदा एका वाटेला लागली की संपलं. पुढे स्तंभ कितीही झुलो, त्याच्या हाताशी ढकलायला काही उरत नाही. मजकुरातल्या «आठ वाटा» आणि «सात हलत नाहीत» या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर अशी काहीतरी सोय असणार, हे उघड दिसतं.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण असं यंत्र सांभाळणं किती त्रासाचं असतं ते मला माहीत आहे. आमच्या एका केंद्रावर आडव्या लंबकाचं उपकरण होतं. पावसाळ्याचे पहिले दोन आठवडे त्याची रेघ कागदाच्या कडेला जाऊन बसायची. भूकंप नाही, काही नाही. काळी माती पाणी पिऊन फुगायची, खांब किंचित कलायचा आणि लंबकाला वाटायचं की जमीन सरकली. रोज सकाळी पातळीचा बुडबुडा पाहून स्क्रू पाव फेरी फिरवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा नोंदीत दुपारी दोनच्या सुमाराला रोज तोच चढ दिसायला लागला. बाहेर जाऊन पाहिलं तर शेजारच्या शेतकऱ्याची म्हैस खोलीच्या सावलीच्या भिंतीला अंग घासत होती.

हाच हिशोब त्या भांड्याला लावा. व्यास 1.85 मीटर. भांड्याची एक बाजू 0.2 मिलिमीटर खचली, तर आतला टांगता स्तंभ त्याच्या तुलनेत 0.16 मिलिमीटर बाजूला जातो. जाड कागदाची घडी पायाखाली सरकवली तर जेवढा फरक पडेल तेवढा. म्हणजे सगळ्यांत नाजूक अंतरावर लावलेला खटका पहिल्याच पावसात सुटला असता. म्हणून मला वाटतं की खटका अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या आसपास लावलेला असणार, पाया खडकावर किंवा खोल भरलेला असणार, आणि कुणीतरी नेमाने स्तंभ मध्यावर आणत असणार. मध्य हरवलेलं यंत्र फार फसवं असतं. ते बंद पडत नाही. नेहमी एकाच बाजूची गोळी टाकतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं भूकंप तिकडूनच येतात.

ते ओळखायची साधी खूण अशी की कुणी दार जोरात लावल्यावरही, आणि काही न होताही, तोच एक ड्रॅगन पुन्हा पुन्हा सुटतो. आमच्याकडे अशी नोंद आली की आधी पातळी तपासायची, मग भूकंपाचं नाव घ्यायचं.

आता दिशेचं, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी पुढचा प्रश्न तोच येणार. भूकंपाची पहिली लहर, जिला आम्ही पी-लहर म्हणतो, ती उगमाच्या रेषेत ढकलते आणि ओढते. पण इतक्या दूरवर ती अगदी क्षीण असते आणि बरीचशी खालून वर येते. लंबक तिने हलणार नाही. त्याला झुलवतात त्या नंतरच्या मोठ्या लहरी, आणि त्यांच्यात दोन जाती आहेत. एक जात उगमाच्या दिशेने पुढेमागे हलवते, दुसरी त्या रेषेला काटकोनात, डावीउजवीकडे. लोंगशी लोयांगच्या पश्चिमेला. पहिल्या जातीने स्तंभ पूर्व-पश्चिम झुलेल, दुसरीने उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम झुलला तरी आधी कोणत्या टोकाला गोळी ढकलेल, हे निम्मं नशीब. त्यामुळे सुटलेल्या ड्रॅगनच्या तोंडाकडे बोट दाखवून «भूकंप तिकडे» म्हणणं मला धाडसाचं वाटतं. फार तर «या रेषेत किंवा हिच्या काटकोनात» एवढं म्हणता येईल. आज आम्ही हा गोंधळ तीन दिशांना मोजणारी उपकरणं आणि अनेक केंद्रं वापरून सोडवतो. एका भांड्याला ते शक्य नाही.

दूरचा भूकंप लंबकाला कळतो, हे मात्र निर्विवाद आहे. 1889 च्या एप्रिलमध्ये जर्मनीत पॉट्सडामला फोन रेबोयर-पाशविट्स या खगोलज्ञाच्या लंबकाने जपानमधल्या भूकंपाची नोंद केली होती. त्याने तो लंबक भूकंपासाठी लावला नव्हता. त्याला गुरुत्वाच्या दिशेतले बारीक बदल मोजायचे होते. तिथे मात्र प्रकाशाच्या किरणाने हालचाल मोठी करून छायाचित्रावर घेतलेली होती. चांग हेंगकडे मोठी करायचं साधन म्हणजे लंबकाची स्वतःची लय आणि एका छोट्या गोळीचं घरंगळणं.

करून पाहायचं असेल तर घरात छताच्या हुकाला दीड मीटरवर ओळंबा टांगा, खाली टोकाशी मिलिमीटरच्या कागदावर खूण करा, पंखे बंद करा, आणि आठवडाभर रोज एकाच वेळी तो खुणेपासून किती सरकला ते लिहा. भूकंप बहुधा दिसणार नाही. पण घर रोज किती कलतं ते दिसेल, आणि खटका किती अंतरावर लावायची तुमची हिंमत होते ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि एक. गोष्ट सांगताना सगळेच म्हणतात की पश्चिमेकडच्या ड्रॅगनने गोळी टाकली. फान येचा मजकूर तसं म्हणत नाही. तो म्हणतो की एकदा एका ड्रॅगनचा खटका सुटला आणि जमीन हलल्याचं कुणाला जाणवलं नाही, राजधानीतल्या विद्वानांना नवल वाटलं, आणि काही दिवसांनी निरोप्या आला की लोंगशीला भूकंप झाला होता. कोणता ड्रॅगन, ते त्याने लिहिलेलंच नाही.